एलईडी टाकण्याआधी बल्बवर किती व्होल्ट येतात ते मोजा

प्रश्न: माझी २०१५ ची ३५० सीसी गाडी आहे. गोल सात इंची हेडलाइट, एच४ बल्ब, ६०/५५ वॅट. इंजिन बंद असलं तरी किल्ली फिरवून बटण दाबलं की हेडलाइट लागतो. कराड-चिपळूण रात्रीचं येणं-जाणं असतं, बहुतेक वेळा डबल सीट. कुंभार्ली घाटात उजेड पिवळट आणि फारच कमी वाटतो. एलईडी टाकला तर वायरिंगवर लोड येईल का? रिले लावावाच लागतो का? मित्राने एलईडी टाकलाय, त्याला समोरचे सारखे डिप्पर मारतात. तसं मला नको आहे.

उत्तर:

एलईडीमुळे वायरिंगवरचा लोड वाढत नाही, उलट निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे एलईडीसाठी रिलेची गरज नाही. रिलेची खरी गरज आहे ती आत्ता तुमच्या गाडीत बसलेल्या हॅलोजनला. समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जातो तो जास्त वॅटमुळे नव्हे. प्रकाश बल्बच्या नेमक्या कुठल्या जागेतून बाहेर पडतो आणि हेडलाइट किती वर बघतोय, या दोन गोष्टी तिथे ठरवतात. म्हणून मी आधी व्होल्ट मोजेन, मग हॅलोजनला पूर्ण करंट देईन आणि त्यानंतरही कमी पडलं तरच एलईडीकडे वळेन.

तुम्ही लिहिलेला ‘पिवळट’ हा शब्द कामाचा आहे. हॅलोजनची तार पुरेशी तापली नाही की उजेड पिवळा पडतो, आणि ती तापत नाही कारण तिला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. इंजिन बंद असताना लाइट लागतो म्हणजे तुमचा हेडलाइट बॅटरीवर, डीसीवर चालतो. हे चांगलं आहे. (ज्यांच्या गाडीत रेस वाढवली की हेडलाइट प्रखर होतो आणि सोडली की मंदावतो, त्यांचा लाइट थेट कॉइलच्या एसीवर असतो. त्यांनी बाजारातला एलईडी तसाच घालू नये. तो लुकलुकतो आणि लवकर जळतो. तिथे आधी वायरिंग डीसी करून घ्यावं लागतं. ते वेगळं काम आहे.)

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, इंजिन चालू करा, थोडी रेस ठेवा, डिप्पर लावा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर आकडा घ्या. मग हेडलाइटची रिंग काढून बल्ब बाहेर घ्या, पण होल्डर बल्बलाच लागलेला राहू द्या. होल्डरच्या मागून, वायर आत शिरते तिथून मीटरच्या सुया आत सरकवा आणि डिप्परच्या टोकाचा व अर्थच्या टोकाचा आकडा घ्या. होल्डर काढून मोकळ्या टोकांवर मोजलंत तर मीटर जवळजवळ बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. करंट वाहतच नसेल तर वायरमध्ये व्होल्ट पडणार तरी कुठे? गॅरेजमध्ये हे माप बहुतेक वेळा इथेच फसतं. आणखी एक काळजी: पेटलेल्या हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. भाजेल ते भाजेल, शिवाय बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

तुमच्यासारख्याच गाडीवर येणारे आकडे घेऊन पाहू. बॅटरीवर १४.१ आणि बल्बवर १२.२. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत गेले. ते कुठे गेले हे शोधायला मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या डिप्पर टोकावर ठेवायची, लाइट चालूच ठेवून. समजा १.४ आले. मग बॅटरीच्या मायनसवरून बल्बच्या अर्थ टोकावर मोजायचं, तिथे उरलेले ०.५ दिसतात. प्लसकडचे १.४ किल्लीच्या लॉकमध्ये, हँडलवरच्या अप्पर-डिप्पर स्विचच्या घासलेल्या संपर्कांत आणि मधल्या कनेक्टरांत वाटले गेलेले असतात. हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून सीटखालून निघतो, लॉकपर्यंत येतो, तिथून हँडलवर जातो आणि मग बल्बकडे वळतो, तोही बारीक वायरीतून. अर्थकडचे ०.५ बहुधा हेडलाइटच्या डब्यात किंवा फ्रेमवर जिथे अर्थिंगचा स्क्रू आहे तिथल्या गंजात सापडतात.

दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. एच४ बल्बचा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टला मोजतात: डिप्परला १००० ल्युमेन, अप्परला १६५०. हाच डिप्पर १२.२ व्होल्टवर सुमारे ७६५ ल्युमेन देतो. आणि त्याला १३.७ मिळाले तर ११३० च्या आसपास. म्हणजे बल्ब तोच, काच तीच, फक्त वायर सुधारली तर जवळपास दीडपट उजेड. शिवाय रंगही पांढरटपणाकडे सरकतो. तुमचं माप १३ च्या वर आलं तर पुढचा रिलेचा भाग सोडून द्या. १२.५ च्या खाली असेल तर एलईडीच्या आधी हे काम करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिले म्हणजे स्विचवर हलका करंट आणि बल्बला थेट बॅटरीतून जड करंट. दोन रिले लागतात, एक डिप्परचा आणि एक अप्परचा. साधा चार पिनांचा १२ व्होल्टचा ऑटोमोबाइल रिले घ्या. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून बल्बकडे जातो. गाडीच्या जुन्या होल्डरला येणारी डिप्परची वायर पहिल्या रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला द्या. दोन्ही ८५ अर्थला. बॅटरीच्या प्लसवरून एक नवी वायर काढा, बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि ती वायर दोन्ही रिलेंच्या ३० ला न्या. दोन्ही ८७ वरून नव्या सिरॅमिक होल्डरला. आणि होल्डरच्या अर्थची वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत मागे न्या. हा शेवटचा भाग लोक गाळतात, मग प्लसकडचे १.४ परत मिळतात पण अर्थकडचे अर्धा व्होल्ट तसेच बुडतात.

बॅटरी ते फ्यूज आणि तिथून रिले एवढ्या टप्प्याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बल्बकडच्या टोकांना १.५ ची चालते. कॉइलच्या टोकांना अगदी बारीक वायर पुरते, कारण एक रिले पाव अँपिअरपेक्षाही कमी ओढतो. फ्यूज १५ चा का? पास लाइट मारताना काही क्षण दोन्ही तारा एकत्र पेटतात. तेव्हा करंट ९ अँपिअरच्या आसपास जातो आणि १० चा फ्यूज काठावर राहतो. बॅटरीजवळ का, तर वायर मध्येच कुठे घासून फ्रेमला टेकली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा उघडा राहतो, आणि तोच पेट घेतो. जुना होल्डर कापू नका. त्यात खोचायच्या पिना घालून रिलेसाठी सिग्नल घ्या, म्हणजे वाटेत रिले गेला तर पाच मिनिटांत जुनं वायरिंग परत बल्बला लावता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच तपासायची. काही गाड्यांत होल्डरचं सामाईक टोक अर्थ नसून प्लस असतं आणि स्विच अर्थकडची बाजू तोडतो. अशा गाडीत वरची जोडणी जशीच्या तशी चालत नाही, आणि बाजारातला तयार एच४ एलईडीसुद्धा लागत नाही किंवा अप्पर-डिप्पर विचित्र वागतो. होल्डर मोकळा करून, लाइट चालू ठेवून, मीटरची काळी सुई फ्रेमला आणि लाल सुई तिन्ही टोकांना आळीपाळीने लावा. अप्पर-डिप्पर बदलला तरी एकाच टोकावर कायम १२ दिसत राहिले तर तुमचं सामाईक टोक प्लस आहे.

रिले हेडलाइटच्या मागे किंवा टाकीखाली असा बांधा की पाय खाली राहतील, म्हणजे पाणी साचत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर ताणली किंवा चिमटली जाऊ नये. नंतर कधी लाइट गेला तर कान द्या. डिप्पर लावताना रिलेचा ‘टक’ आवाज आला पण लाइट लागला नाही, तर फ्यूज, ३० किंवा ८७ कडे बघा. आवाजच आला नाही तर कॉइलची बाजू, म्हणजे जुना स्विच किंवा ८५ चा अर्थ.

रिले लावला की दुकानदार लगेच १००/९० चा बल्ब सुचवेल. तो घेऊ नका. गाडीची चार्जिंग तेवढ्यासाठी केलेली नाही, उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी मरते, आणि रस्त्यावर तो कायदेशीरही नाही. ६०/५५ मध्येच चांगल्या कंपनीचा, तुमच्या कामासाठी साध्या पांढऱ्या काचेचा बल्ब घ्या. निळसर काचेचा घेतलात तर ती निळी काच उजेडच खाते.

आता एलईडी. चांगला एच४ एलईडी बल्ब प्रत्यक्षात २० ते २५ वॅट ओढतो. डब्यावर १०० वॅट आणि वीस हजार ल्युमेन लिहिलेलं असलं तरी मीटर अँपिअरवर लावून मोजा, दोन अँपिअरच्या आसपासच आकडा दिसेल. त्याच्या जागी हॅलोजन साडेचारच्या आसपास ओढत होता. म्हणजे ज्या जुन्या वायरिंगमध्ये हॅलोजनचे १.९ व्होल्ट पडत होते, त्यातच एलईडीचे पाऊण-एक व्होल्ट पडतील. त्यातही चांगल्या एलईडीच्या आतला ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो, त्यामुळे १३ मिळाले काय किंवा १४, उजेड तोच राहतो. म्हणून इथे रिले नको. आधीच लावलेला असेल तर काढायचीही गरज नाही, फक्त फ्यूज ५ अँपिअरचा करा, कारण एलईडीच्या स्वतःच्या वायरी बारीक असतात. वेगळे फॉग लाइट लावायचे असतील तर मात्र त्यांना स्वतंत्र रिले हवाच.

‘लोड कमी झाला म्हणजे पेट्रोल वाचेल’ असंही ऐकाल. बहुतेक बाइकच्या रेग्युलेटरमध्ये न वापरलेला करंट आतल्या आत शॉर्ट होऊन उष्णतेत जातो, त्यामुळे तिथे काही वाचत नाही. फायदा आहे तो गावातल्या ट्रॅफिकमध्ये, कमी रेसवर बॅटरी उतरत नाही एवढाच.

मित्राच्या गाडीची तक्रार मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. एच४ हॅलोजनमध्ये डिप्परची तार साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांब आणि दीडएक मिलिमीटर जाड असते. तिच्या खाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिप्परला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो. वरच्या भागावर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन खाली रस्त्यावर येतो. वाटीची कड जिथे संपते तिथेच समोर भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघ तयार होते. तिला कटऑफ म्हणतात. रिफ्लेक्टरचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर त्या एका इवल्याशा तारेची जागा धरून घडवलेला असतो. तार एक मिलिमीटर पुढे-मागे झाली तरी रस्त्यावरचा झोत बिघडतो.

एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी एका पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप्स असतात. पट्टी जाड असली तर दोन बाजूंच्या चिप्समधलं अंतर तारेच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट होतं. रिफ्लेक्टरच्या दृष्टीने हे एका दिव्याऐवजी थोड्या थोड्या चुकीच्या जागी ठेवलेले दोन दिवे. शिवाय तारेतून चोहीकडे प्रकाश जायचा, इथे डावी-उजवीकडे जास्त आणि वर कमी. डिप्परच्या चिप्सखालची वाटी उथळ किंवा तिरपी असली तर रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर प्रकाश पडतो आणि तो वर उडतो, थेट समोरच्याच्या डोळ्यात. मित्राला डिप्पर मारतात ते यासाठी.

यात चालवणाऱ्याची फसगतही होते. विस्कटलेला झोत गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये भरपूर उजेड टाकतो. रस्ता पांढराशुभ्र दिसतो, मनाला बरं वाटतं. पण जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकुंचते आणि पन्नास मीटरवरचा खड्डा किंवा वळणावरची म्हैस आधीपेक्षा उशिरा दिसते. म्हणून ‘उजेड वाढला’ हे गाडीपुढच्या रस्त्याकडे बघून ठरवू नका. घाटात लांबचा कठडा किती अंतरावरून ओळखू येतो त्यावर ठरवा.

एलईडी घ्यायचाच असेल तर दुकानात जुना हॅलोजन सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरा. तारा जिथे आहेत त्याच अंतरावर, कॉलरपासून म्हणजे बल्बच्या धातूच्या कड्यापासून मोजून, चिप्स आहेत का ते बघा. चिप्सचा लांबट पट्टा तारेएवढाच छोटा आणि पट्टी पातळ हवी. मोठे गोल पिवळे ठिपके असलेले किंवा चारही बाजूंनी चिप्स लावलेले बल्ब सरळ नाकारा. कॉलर फिरवता येणारा बल्ब बरा, कारण बसवल्यावर दोन्ही चिप्स अचूक डावीकडे आणि उजवीकडे, वाटी बरोबर खाली यायला हवी. किंचित कललेला बल्ब भिंतीवर तिरकी रेघ देतो. मागच्या पंख्याला जागा आहे का तेही बघा. तुमच्या गोल डब्यात जागा असते, पण वायरींचा गुंता पंख्याला टेकला किंवा पावसाळ्यात आत पाणी-चिखल गेला तर पंखा अडकतो. मग बल्ब गरम होऊन स्वतःच उजेड कमी करतो. दुकानात दोन मिनिटं लावून दाखवलेला उजेड अर्ध्या तासानंतरही तेवढाच आहे का, हे घरी बघा.

रंगाबाबत: ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा टाळा. ५००० किंवा त्याखालचा मिळाला तर घ्या. समोरच्याला, विशेषतः वय झालेल्यांना, निळसर उजेड जास्त बोचतो, आणि ओल्या डांबरावर तो तुम्हालाही फारसा उपयोगी वाटणार नाही. ‘पिवळा उजेड धुकं भेदतो’ हे मात्र खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. घाटातल्या पावसात-धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते ती कटऑफच्या वर उडणाऱ्या प्रकाशामुळे. म्हणजे जो झोत समोरच्याला त्रास देतो, तोच तुमचीही दृष्टी बंद करतो.

बल्ब कुठलाही घाला, पुढची तपासणी सोडू नका. सपाट जमीन आणि भिंत शोधा. टायरची हवा नेहमीची ठेवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा ९० सेंटिमीटर. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, स्टँड काढून, तुम्ही स्वतः बसून. भिंतीवर डिप्परची कटऑफ रेघ ८० सेंटिमीटरला यायला हवी, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली. याला एक टक्का उतार म्हणतात. या हिशोबाने तुमचा झोत ९० मीटरवर जमिनीला टेकतो आणि ५० मीटरवरच्या माणसाच्या अंगावर तो ४० सेंटिमीटरपर्यंत, गुडघ्याच्या खाली राहतो.

आता तुमच्या डबल सीटचा मुद्दा घेऊ. बरेच जण तो विसरतात. मागे माणूस बसला, सामान आलं, की मागचं सस्पेन्शन समजा ३ सेंटिमीटर जास्त दबलं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १४० सेंटिमीटर. ३ भागिले १४० म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त, आणि तेवढाच हेडलाइट वर उठला. एक टक्का खाली असलेला झोत आता एक टक्का वर गेला. त्याच ५० मीटरवर कटऑफ ४० ऐवजी १४० सेंटिमीटरला पोहोचला. कारवाल्याच्या डोळ्यांच्या वर आणि बाइकवाल्याच्या डोळ्यांच्या जवळपास. नेमका बसवलेला मूळ हॅलोजनसुद्धा असा डोळ्यांवर येतो, विस्कटलेला एलईडी तर विचारू नका. म्हणून भिंतीसमोरचं माप मागच्या माणसाला बसवून घ्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड एक-दोन खाचा वाढवून आधी गाडी सरळ करा, मग हेडलाइटचा स्क्रू फिरवा. एकट्याने जाताना झोत थोडा जवळ पडेल, ते चालवून घ्या.

रेघ नीट दिसतेय का हेही त्याच भिंतीवर कळतं. हॅलोजनच्या रेघेचा फोटो आधी काढून ठेवा, मोबाइलचं एक्सपोजर लॉक करून. मग एलईडी घालून त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर दुसरा फोटो काढा. रेघेच्या वरचा भाग आधीइतकाच काळा राहिला आणि सर्वात उजळ ठिपका रेघेला लागून खालीच राहिला तर बल्ब ठीक आहे. वर ढगासारखा उजेड पसरला किंवा उजळ ठिपका विरघळून खाली सरकला, तर तो बल्ब परत करा. स्क्रू फिरवून ते सुधारत नाही. झोत खाली झुकवून समोरच्याला वाचवाल, पण मग लांबचं तुम्हालाही दिसणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ यावर छान चाचणी देतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपता कामा नये. मित्राला गाडीवर बसवा, मागे कुणाला तरी बसवा, आणि तुम्ही स्वतः त्या जागी जाऊन उभे राहा. दिवा नुसता दिसला तर चालेल. नजर हटवावी लागली तर नाही चालणार.

बल्ब बदलण्यापेक्षा अख्खं सात इंची एलईडी युनिट घ्यावं का, असं तुमच्या मनात येईल. तत्त्वतः तोच योग्य मार्ग, कारण त्यात भिंगं आणि चिप्स एकमेकांसाठी बनवलेली असतात. जर्मनीत काही मोजक्या एलईडी बल्बांना परवानगी आहे, तीसुद्धा ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटसोबत तपासून, सरसकट नाही. युनिट घेताना काचेवरचं गोलातलं ‘ई’ आणि आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, बघा, आणि त्याच्याजवळचा बाण बघा. हेडलाइटकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे दाखवणारा बाण म्हणजे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, आपल्यासाठी. दोन्हीकडे टोकं असलेला बाण दोन्हीसाठी चालतो. बाणच नसेल तर ते युनिट उजवीकडून चालणाऱ्या देशांचं. अशा युनिटची रेघ उजवीकडे वर चढलेली असू शकते, म्हणजे आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या गोल युनिटांत अशी चिक्कार असतात, आणि कित्येकांवर ‘ई’ चिन्ह नुसतं छापलेलं असतं. म्हणून तेही आधी भिंतीवरच तपासा.

तुमच्या जागी मी दोन रिले, सिरॅमिक होल्डर, स्वतंत्र अर्थ आणि नवा ६०/५५ हॅलोजन एवढं करेन, डबल सीट धरून झोत लावेन आणि एक पावसाळा घाटात चालवून बघेन. रिफ्लेक्टरही नीट बघून घ्या. आतली चकाकी काळवंडली किंवा बुरसटली असेल तर वरचं सगळं करूनही उजेड अर्धाच राहील, आणि आतून कापडाने पुसलात तर उरलेली चकाकीही निघून येईल. तिथे पूर्ण रिफ्लेक्टर बदलणं हाच उपाय, आणि तो एलईडीच्या चांगल्या बल्बपेक्षा फार महाग पडत नाही.